रोज १०० ग्रॅम सोया चंक्स आणि रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी. सोया बंद करू का?

शिफ्टवाला_लिफ्टर (सोमवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. वय २८, वजन ७२ किलो, सातपूरला कंपनीत आहे. दोन वर्षं झाली लिफ्टिंग करतोय. घर माळकरी, त्यामुळे अंडी-मटणाचा प्रश्नच येत नाही आणि महिन्याला व्हे प्रोटीनचा डबा परवडत नाही. म्हणून गेले सात महिने रोज १०० ग्रॅम सोया चंक्स आणि २०० ग्रॅम टोफू चालू आहे. चंक्सचे ५२, टोफूचे २६ आणि डाळ, भाकरी, दूध, दही मिळून ४२ धरले, तर १२० ग्रॅम प्रोटीन होतं.

जिममधले सर म्हणतात, २५ ग्रॅमच्या वर सोया खाल्लंस तर छाती बायकांसारखी होईल. भीती वाटली म्हणून गेल्या आठवड्यात टेस्टोस्टेरॉन तपासलं. २६२ आलं. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा ३०० आहे. तेव्हापासून झोप उडाली आहे. लग्न ठरतंय, घरी कोणाला सांगताही येत नाही. सोया पूर्ण बंद करू का? आणि २५ ग्रॅमची मर्यादा खरी आहे का?

गंगापूररोड_बेंच (सोमवार, रात्री ११:५२)

बंद कर भावा. रिपोर्ट हातात आहे, अजून काय पुरावा पाहिजे? चिकन खा, नाहीतर किमान सहा अंडी.

मिसळप्रेमी (मंगळवार, सकाळी ७:१०)

बेंचराव, माळकरी घर आहे हे त्याने तिसऱ्याच ओळीत लिहिलंय.

अभ्यासू_पक्षी (मंगळवार, सकाळी ९:०५)

सोयामुळे हार्मोन बिघडल्याचे वैद्यकीय दाखले आहेत, ही नुसती जिममधली गप नाही. २००८ साली साठ वर्षांच्या एका माणसाची केस छापून आली, दोन्ही बाजूंनी छाती वाढलेली आणि दुखरी, इस्ट्रोजेन चढलेलं. कारण निघालं सोया मिल्क. २०११ मध्ये १९ वर्षांच्या मुलाची केस आली, लैंगिक इच्छा गेली आणि टेस्टोस्टेरॉन खाली. दोघांनीही सोया थांबवल्यावर सुधारणा झाली. सोयात फायटोइस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं हार्मोनच असतं. २५ ग्रॅमची मर्यादाही अमेरिकेच्या एफडीएने घातलेली आहे.

मेघना_आहार (मंगळवार, दुपारी २:३०)

अभ्यासू, दोन्ही केस खऱ्या आहेत, पण ते किती खात होते ते तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळं तिथेच अडतं. साठ वर्षांचे गृहस्थ रोज जवळजवळ पावणेतीन लिटर सोया मिल्क पीत होते. १९ वर्षांचा मुलगा पूर्ण व्हीगन होता आणि त्याच्या पोटात रोज ३६० मिलिग्रॅमच्या आसपास आयसोफ्लेवोन, म्हणजे सोयातले फायटोइस्ट्रोजेन, जात होते. आपल्या कोरड्या चंक्समध्ये १०० ग्रॅमला ढोबळमानाने १५० मिलिग्रॅम धरा. त्या मुलाइतकं व्हायला रोज पाव किलोच्या जवळ कोरडे चंक्स खावे लागतील. भिजल्यावर ते मोठं पातेलंभर होतात.

फायटोइस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं हार्मोन नव्हे. रचना थोडी सारखी आहे, म्हणून ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर बसतं, पण पकड फार कमजोर असते आणि रिसेप्टरच्या दोन प्रकारांपैकी एकावरच त्याचा कल जास्त. पुरुषांना सोया किंवा आयसोफ्लेवोन देऊन केलेल्या चाचण्यांचा एकत्र आढावा २०१० मध्ये निघाला, मग २०२१ मध्ये त्याहून मोठा, ४१ अभ्यासांचा. एकूण टेस्टोस्टेरॉन, मोकळं टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, कशातही फरक दिसला नाही. जास्त डोसवाले आणि जास्त काळ चाललेले अभ्यास वेगळे काढूनही नाही.

आता २५ ग्रॅम. एफडीएने १९९९ मध्ये असं म्हटलं की संतृप्त चरबी कमी असलेल्या आहारात रोज २५ ग्रॅम सोया *प्रोटीन* असेल तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. म्हणजे फायद्यासाठी निदान इतकं तरी खा, असा त्याचा अर्थ. तो आकडा प्रोटीनचा आहे, चंक्सचा नाही. २५ ग्रॅम प्रोटीन म्हणजे जवळपास ५० ग्रॅम कोरडे चंक्स. "निदान इतकं" याचं "यापेक्षा जास्त नको" कधी झालं आणि प्रोटीनचे चंक्स कधी झाले, कोण जाणे. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं हाच आकडा घेऊन येतात.

शिफ्टवाला, तुम्हाला तीन प्रश्न. चंक्स कोरडे मोजता की भिजवून? रक्त किती वाजता दिलं? आणि त्या आठवड्यात शिफ्ट कोणती होती?

शिफ्टवाला_लिफ्टर (मंगळवार, सायंकाळी ६:१५)

ताई, रात्री भिजवतो, सकाळी पिळून काट्यावर ठेवतो. बरोबर १०० ग्रॅम. त्या आठवड्यात थर्ड शिफ्ट होती. सकाळी सातला सुटलो, घरी येऊन चार तास झोपलो, मग मित्रासोबत कॉलेज रोडला काम होतं. येताना चारच्या सुमारास लॅबमध्ये रक्त दिलं.

मेघना_आहार (मंगळवार, सायंकाळी ७:००)

मग दोन गोष्टी वेगवेगळ्या करून बघू.

पहिली तुमच्या काट्याची. पाकिटावरचे ५२ ग्रॅम प्रोटीन १०० ग्रॅम *कोरड्या* चंक्सचे असतात. भिजवून पिळले की वजन साधारण तिप्पट होतं. म्हणजे तुमच्या ताटातले १०० ग्रॅम मुळात कोरडे ३३ ते ३५ ग्रॅम. त्यातून प्रोटीन १८ ग्रॅम, ५२ नव्हे. टोफूचे २६ आणि बाकीचे ४२ बरोबर धरले, तरी एकूण ८६ होतात. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅम पुरेसं मानलं जातं, तुमच्या ७२ किलोला ११५. सात महिने तुम्ही रोज जवळपास तीस ग्रॅम कमी खाताय. जास्त सोया खातोय म्हणून घाबरलात, आणि प्रत्यक्षात सोया कमीच पडलंय.

दुसरी गोष्ट रक्ताच्या वेळेची. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं, सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं. तरुण माणसात सकाळ आणि दुपारचा फरक चांगलाच दिसतो. म्हणून या तपासणीचं रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी देतात, आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा. दोन्ही वेळा कमी आलं तरच डॉक्टर पुढचं बोलतात. वर चार तासांची झोप. धडधाकट तरुणांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं तेव्हा त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरल्याचा २०११ चा अभ्यास आहे. नाईट करून दुपारी चारला दिलेल्या रक्तावरून सोयाला फाशी देऊ नका.

अभ्यासू_पक्षी (मंगळवार, रात्री ९:२०)

डोसचं पटलं. एफडीएचं मी चुकीचं वाचलं होतं, मान्य. पण चाचण्यांचे आढावे बहुतेक काही आठवडे-महिन्यांच्या प्रयोगांवर उभे असतात. पाच-सात वर्षं रोज १०० ग्रॅम कोरडे चंक्स खाणारे लिफ्टर त्यात किती असतील? आणि २००८ मध्येच बोस्टनच्या फर्टिलिटी क्लिनिकमधल्या ९९ पुरुषांचा अभ्यास आला होता. जास्त सोया खाणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची घनता कमी होती. याचं काय?

मेघना_आहार (मंगळवार, रात्री १०:०५)

पहिला मुद्दा रास्त आहे. म्हणूनच मी रोज १०० ग्रॅम कोरडे कोणालाही सुचवत नाही. विष म्हणून नव्हे. तेवढं एकच एक खाल्लं की ताटातलं बाकीचं आपोआप कमी होतं. ५० ते ६० कोरडे आणि सोबत टोफू, इथपर्यंत निरोगी माणसाला मी बिनधास्त सांगते.

बोस्टनच्या अभ्यासात घनतेशी संबंध दिसला, पण हालचाल, आकार आणि वीर्याचं प्रमाण यांच्याशी दिसला नाही. ते मूल होण्यासाठी उपचार घ्यायला आलेले पुरुष होते, आणि संबंध वजन जास्त असलेल्यांमध्ये ठळक होता. प्रयोग नव्हता, खाण्याची चौकशी होती. तेवढ्यावरून मी घाबरवणार नाही आणि तो अभ्यास खोटाही म्हणणार नाही. मुलासाठी प्रयत्न चालू असतील तर वीर्य तपासून घ्या. शंका आली तर सोया तीन महिने थांबवून पुन्हा तपासा, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात.

पंचवटीकर (बुधवार, सकाळी ६:४०)

छातीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. २४ व्या वर्षी माझ्या उजव्या निपलखाली गाठ आली, नाण्याएवढी आणि कडक, शर्ट घासला तरी दुखायची. जिममध्ये सगळे म्हणाले, सोया सोड. सोडलं. चार महिने काही फरक नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, इंजेक्शन घेतोस का? घेत होतो. जिममधल्याच एकाने "सायकल" दिली होती, बारा आठवड्यांची. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर त्यातलं काही इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि गाठ त्याची होती. मी सोयाला शिव्या घालत बसलो आणि सुई घेतच राहिलो. उशीर झाला, गाठ जुनी होऊन घट्ट झाली, औषधाने गेली नाही. ऑपरेशन करावं लागलं.

पोरांनो, नुसती चरबी असेल तर ती मऊ असते आणि बोटाने चाचपडल्यावर वेगळी चकती लागत नाही. निपलच्या बरोबर खाली कडक, दुखरी चकती लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, आणि काय घेतलंय ते खरं सांगा.

गंगापूररोड_बेंच (बुधवार, सकाळी ८:१५)

दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडेही दोघं सायकलवर आहेत आणि दोघंही इतरांना सोया खाऊ नका म्हणून सांगतात. आज त्यांना हा धागा पाठवतो. आणि शिफ्टवाला, माझं पहिलं उत्तर मागे घेतो.

नाशिकची_आई (बुधवार, सकाळी ११:३०)

माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाची छाती थोडी वर आली आहे. मी त्याला आठवड्यातून दोनदा सोया पुलाव देते. माझ्यामुळे झालं का हे?

मेघना_आहार (बुधवार, दुपारी १२:१०)

नाही हो ताई, तुमच्या पुलावाने नाही. वयात येताना हार्मोनचं पारडं काही काळ हलतं आणि पुष्कळ मुलांना असं होतं. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतं. फार दुखत असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा एकाच बाजूला कडक गाठ असेल तर दाखवून घ्या. मुलाशी मोकळेपणाने बोला, मुलं या गोष्टीने शर्ट काढायलाही लाजतात.

निफाडचा_शेतकरी (बुधवार, रात्री ८:४५)

आमच्याकडे सोयाबीन घरचंच. चंक्स कशाला विकत आणायचे? मी दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन टाकून दळून आणतो. पोरगा आखाड्यात जातो, त्याला रोज वाटीभर सोयाबीनचं पीठ दुधात कालवून देतो. ताकद येते पण पोट फार फुगतं त्याचं. लासलगावला भाव पडलेत, निदान घरात तरी खपू द्या.

मेघना_आहार (बुधवार, रात्री ९:३०)

दादा, दुधातलं पीठ उद्यापासून थांबवा. पोट फुगण्याचं कारण तिथेच आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचवणाऱ्या रसाला अडवणारे घटक असतात. भरपूर उष्णता मिळाली तरच ते मोडतात. कच्चं पीठ दुधात कालवलं तर प्रोटीन पोटात जातं, पण नीट पचत नाही. चंक्स बनताना पीठ मोठ्या उष्णतेतून आणि दाबातून जातं, म्हणून तिथे हा प्रश्न फारसा उरत नाही.

घरचं सोयाबीन वापरायचंच आहे, आणि वापरावंच. रात्रभर भिजत घाला, पाणी फेका, नव्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळा, उन्हात कडक वाळवा, हवं तर वरून थोडं भाजा, मग गव्हासोबत दळायला द्या. उकळून वाळवलेल्याचं पीठ दुधातही चालेल. भिजवलेलं पाणी फेकल्याने गॅस करणारी साखरही थोडी निघून जाते.

निफाडचा_शेतकरी (बुधवार, रात्री १०:००)

बायको म्हणतेय, हे ती दोन वर्षांपासून सांगते आहे. उद्याच भिजत घालतो.

कॅम्पातली_ताई (गुरुवार, सकाळी १०:२०)

मी देवळाली कॅम्पची, वय ४१, वजनं उचलायला लागून दीड वर्ष झालं. हार्मोनच्या गप्पा पुरुषांपुरत्याच चालल्यात म्हणून माझी गोष्ट. मला थायरॉइडची गोळी आहे. सकाळी सहाला गोळी, साडेसहाला टोफूची स्मूदी, सातला जिम. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की रक्तात चढणारं हार्मोन, छान ताब्यात होतं, ते सहा महिन्यांत ९ वर गेलं. डॉक्टर डोस वाढवायला निघाले होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं की गोळीनंतर काय खाता. सोयामुळे गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही, असं त्यांनी समजावलं. डोस तोच ठेवला, टोफू रात्रीच्या जेवणात नेला. दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा ३ च्या आत. सोया बंद केलं नाही, वेळ बदलली.

अभ्यासू_पक्षी (गुरुवार, सकाळी ११:००)

म्हणजे सोयाने थायरॉइड बिघडत नाही?

मेघना_आहार (गुरुवार, दुपारी १:४०)

ज्यांचा थायरॉइड चांगला आहे आणि आयोडीन पुरेसं मिळतं, त्यांचा बिघडल्याचं दिसत नाही. पण सध्या "हेल्दी" म्हणून घरात फक्त सैंधव वापरण्याची लाट आहे, त्यात आयोडीन नसतं. सोया रोजचं आणि मीठ फक्त सैंधव, ही जोडी मला पसंत नाही. साधं आयोडीनयुक्त मीठ वापरा. गोळीवाल्यांनी ताईंसारखं चार तासांचं अंतर ठेवा आणि रोजचं प्रमाण एकसारखं ठेवा. आज शून्य, उद्या वाटीभर असं केलं तर डोस बसवणाऱ्या डॉक्टरांची पंचाईत होते. किडनीचा आजार असेल तर सोयाच काय, कुठलंच प्रोटीन मनाने वाढवू नका.

मिसळप्रेमी (गुरुवार, दुपारी ३:००)

इतकं सगळं ठीक, पण ते खायचं कसं? मला चंक्स म्हणजे ओला स्पंज वाटतात. आणि मसल बनवायला ते व्हेइतके चालतात का?

पंचवटीकर (गुरुवार, सायंकाळी ५:३०)

स्पंज लागतात कारण पाणी आत राहतं. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटं, मग गार पाण्यात टाकून तळव्यात दाबून दोनदा पिळायचे, पाणी फेसाळ येणं थांबेपर्यंत. मग लोखंडी तव्यावर कोरडेच, कडा तांबूस होईपर्यंत. त्यानंतर काळा मसाला आणि कांदा. मी मटकीच्या रश्श्यात अर्धी मटकी, अर्धे बारीक केलेले चंक्स टाकतो. रविवारची मिसळ तशीच राहते.

मेघना_आहार (गुरुवार, सायंकाळी ६:१०)

पंचवटीकरांच्या पिळण्याने गॅसही कमी होतो.

व्हेचं म्हणाल तर एकाच वेळच्या २५ ग्रॅममध्ये व्हे थोडं वरचढ आहे. त्यात स्नायूंच्या वाढीला चालना देणारं ल्युसिन जास्त असतं, साधारण पावणेतीन ग्रॅम, सोयात दोनच्या आसपास. पण व्यायामासोबत महिनोन् महिने सोया आणि प्राणिज प्रोटीन देऊन तुलना केली, तेव्हा ताकद आणि स्नायूंच्या वाढीत फरक सापडला नाही. रोजचं एकूण प्रोटीन भरलं पाहिजे. शिफ्टवालाचं तेच भरत नव्हतं.

शिफ्टवाला_लिफ्टर (सहा आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:००)

मंडळी, परत आलो. काटा आता *कोरड्या* चंक्ससाठी वापरतो, रोज ६० ग्रॅम, दोन वेळा वाटून. टोफू तसाच. वर रोज जास्तीचं पाव लिटर दूध आणि मूठभर भाजलेले चणे. एकूण १११ च्या आसपास जातं. स्क्वॉट चार महिने ९० वर अडकला होता, तो ९७.५ झाला.

फर्स्ट शिफ्टचे सलग दोन आठवडे मिळाले, रात्री साडेनऊला झोपायचो. दुसऱ्या आठवड्याच्या सुट्टीला सकाळी आठला उपाशीपोटी, त्याच लॅबमध्ये रक्त दिलं. ४३८ आलं. सोया मी या काळात कमी केलं नाही, उलट चंक्स जवळजवळ दुप्पट केले.

अभ्यासू_पक्षी (रविवार, सकाळी १०:२५)

अभिनंदन! मनापासून आनंद झाला. फक्त एक नोंद, तू एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यास. झोप, वेळ, शिफ्ट आणि खाणं. त्यामुळे कशाने किती वाढलं ते यातून सांगता येणार नाही. सोया वाढवूनही आकडा ३०० च्या वर आला, एवढं मात्र नक्की दिसतं.

शिफ्टवाला_लिफ्टर (रविवार, सकाळी १०:४०)

मान्य. पुढच्या महिन्यात पुन्हा थर्ड शिफ्ट लागतेय. तेव्हा सुट्टीच्या दिवशी पूर्ण झोपून सकाळी एकदा तपासणार, खाणं हेच ठेवून. आकडा इथेच टाकतो. जिममधल्या सरांना कोरडे ३५ आणि भिजलेले १०० शेजारी शेजारी दोन वाट्यांत नेऊन दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मीही भिजवूनच मोजायचो."